दीर्घ मजकुरातील शब्दांची वारंवारता आणि क्रमांक : लॉग-लॉग आलेखावरची रेघ खरोखर सरळ असते का?

रेघोट्या

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. दीर्घ मजकुरातले शब्द मोजून, सर्वाधिक वेळा येणाऱ्या शब्दाला पहिला क्रमांक, त्याखालोखालच्याला दुसरा, असे क्रमांक दिले आणि क्रमांक व वारंवारता दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढला, की उणे एक उताराची सरळ रेघ मिळते, हे आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. हा अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांचा नियम. त्यांच्या १९४९ च्या पुस्तकातले प्रमुख उदाहरण जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचे आहे. माइल्स हॅन्ली यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दसूचीवरून त्यांनी ते घेतले. कादंबरीत एकूण २,६०,४३० शब्द असून त्यांपैकी वेगवेगळे २९,८९९ आहेत.

रेघेचा उतार उणे एक असेल, तर क्रमांक आणि वारंवारता यांचा गुणाकार सगळीकडे सारखा यायला हवा. झिफ यांच्याच तक्त्यातले आकडे घेऊन मी तो करून पाहिला. दहाव्या क्रमांकाचा शब्द २,६५३ वेळा येतो, म्हणजे गुणाकार २६,५३०. शंभरावा २६५ वेळा, म्हणजे २६,५००. हजारावा २६ वेळा, म्हणजे २६,०००. इथपर्यंत डोळ्यांचे पारणे फिटते. पुढे मात्र पाच हजारावा शब्द ५ वेळा येतो आणि गुणाकार २५,००० वर उतरतो. दहा हजारावा २ वेळा येतो, तेव्हा तो २०,००० होतो. विसाव्या हजारालाही तो २०,०००च राहतो आणि अगदी शेवटच्या, म्हणजे २९,८९९ व्या शब्दाला एकदम २९,८९९ होतो. शेपटाकडे रेघ आधी वाकते आणि मग वर येते, असे समजायचे का? की आलेख वाचण्यातच काही चूक होते आहे?

खडूस समीक्षक

लॉग-लॉग आलेखावर जाड पेनाने काढलेली कोणतीही रेघ सरळच दिसते, असे आमचे एक प्राध्यापक म्हणत. बाकीचे जाणकारांवर सोडतो.

जुना लघुलेखक

विषय पाहून राहवले नाही. मी न्यायालयात मराठी लघुलेखक म्हणून निवृत्त झालो. या मोजणीचा उगम आमच्या धंद्यात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. झिफ यांच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, एस्तू नावाच्या फ्रेंच लघुलेखकाने शब्दांच्या क्रमांकांचा आणि वारंवारतेचा हा संबंध नोंदवला होता. कारण सरळ आहे. जे शब्द सतत कानावर पडतात, त्यांना एका फटकाऱ्याची चिन्हे द्यायची असतात. ‘आहे’, ‘आणि’, ‘म्हणून’ यांची चिन्हे आम्ही झोपेतही काढू शकत असू. मात्र साक्षीदाराने एखाद्या शेतजमिनीच्या बांधाचे किंवा अवजाराचे नाव घेतले, की ते पूर्ण ध्वनींत लिहावे लागे, आणि तसे शब्द प्रत्येक साक्षीत नवे निघत. आलेखाच्या शेपटाबद्दल मला अधिक कळत नाही, पण ते शेपूट कधी संपत नाही, हे माझ्या बोटांना माहीत आहे.

एडिसनची आजी

माझ्या नातवंडांना मराठी शिकवायचे आहे. या नियमावरून सर्वांत जास्त वापरले जाणारे पाचशे शब्द काढून दिले, तर त्यांना मराठी पुस्तक वाचता येईल का? अशी यादी कुणाकडे तयार असल्यास कृपया इथेच द्यावी.

मोजणीदार

रेघोट्या सर, आलेख वाकलेला नाही, पण त्याच्यावर पायऱ्या आहेत आणि तुमचे गुणाकार पायरीवर कुठेतरी मधेच पडत आहेत. झिफ यांच्या पुस्तकात याच कादंबरीचा दुसराही तक्ता आहे. किती शब्द एकदाच आले, किती दोनदा आले, अशी ती मोजणी आहे. एकदाच आलेले १६,४३२, दोनदा आलेले ४,७७६, तीनदा आलेले २,१९४, चारदा १,२८५, पाच वेळा ९०६ आणि सहा वेळा ६३७.

आता हे शेवटाकडून मागे मोजत या. एकूण २९,८९९ मधून एकदाच आलेले १६,४३२ वजा केले, तर उरतात १३,४६७. याचा अर्थ, १३,४६८ पासून २९,८९९ पर्यंतच्या प्रत्येक क्रमांकाची वारंवारता १ च आहे. या सोळा हजार शब्दांत कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवायला काहीही आधार नाही. संगणक ते वर्णानुक्रमाने लावतो किंवा जसे भेटले तसे लावतो. तुमचा विसाव्या हजाराचा शब्द या पायरीवर आहे, आणि तिथे गुणाकार डाव्या टोकाला १३,४६८ येतो, तर उजव्या टोकाला २९,८९९. यांतला कुठलाही आकडा ‘खरा’ मानण्याचे कारण नाही. दहा हजारावा शब्द त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे ८,६९२ ते १३,४६७ मध्ये आहे. पाच हजारावा ४,३०७ ते ५,२१२ च्या पायरीवर आहे.

म्हणून क्रमांकाऐवजी असा प्रश्न विचारा, की निदान दोनदा, निदान तीनदा असे आलेले शब्द किती? त्यात बरोबरी सोडवण्याची गरजच पडत नाही. निदान दोनदा आलेले १३,४६७, गुणिले २, म्हणजे २६,९३४. निदान तीनदा आलेले ८,६९१, गुणिले ३, म्हणजे २६,०७३. पुढे चारला २५,९८८, पाचला २६,०६० आणि सहाला २५,८३६. शंभराव्या आणि हजाराव्या क्रमांकाला तुम्हाला जो २६,००० च्या आसपासचा आकडा मिळाला होता, तोच शेपटातही जवळजवळ अखेरपर्यंत टिकतो. फक्त एकला २९,८९९ येतो, म्हणजे थोडा वर जातो.

रेघोट्या

मोजणीदार, मनापासून आभार. मी झिफ यांचा पहिलाच तक्ता घेऊन बसलो होतो आणि त्यातले गोल क्रमांक हे नमुन्याचे बिंदू आहेत, असे धरून चाललो होतो. दुसऱ्या तक्त्यावरून वजाबाकी करत मागे येणे सुचले नव्हते.

खडूस समीक्षक

थांबा, इतक्या लवकर टाळ्या नकोत. मोजणीदारांनी प्रत्येक पायरीचे उजवे टोक घेतले आहे. रेघ सरळ ठेवणारे टोक निवडायचे आणि मग रेघ सरळ आहे म्हणायचे, हे मला पटत नाही. पायरीचा मध्य घेऊन पाहा. लॉग-लॉग आलेखावर मध्य म्हणजे दोन टोकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. सहाच्या पायरीसाठी गुणाकार सुमारे २३,८५० येतो, पाचसाठी २३,६९०, चारसाठी २३,२८०, तीनसाठी २२,५५०, दोनसाठी २१,६४० आणि एकसाठी २०,०७०. प्रत्येक पायरीगणिक तो उतरतो आहे. या हिशेबाने रेघ खाली वाकते.

मोजणीदार

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर अर्धेच देता येते. मनात असे धरा, की खरी वारंवारता अपूर्णांकात असते आणि पुस्तकात तिचा पूर्णांक भागच दिसतो. म्हणजे २.७ चे २ होतात. असे असेल, तर मूळ रेघ सरळ असतानाही तिचा स्पर्श पायरीच्या उजव्या टोकालाच होतो, आणि मध्य तिच्या खाली राहतो. तोही ठरावीक प्रमाणात. एकच्या पायरीला मध्याचा गुणाकार मूळ आकड्याच्या ०.७१ पट येईल, दोनला ०.८२ पट, तीनला ०.८७ पट. तुम्ही दाखवलेली उतरंड साधारण याच चालीची आहे. पण जवळच्या पूर्णांकाकडे जाणे योग्य मानले, म्हणजे २.७ चे ३ केले, तर हेच आकडे तुमच्या बाजूने बोलतात. शब्दांचे येणे हा योगायोगाचाही भाग असल्याने दोन्ही कल्पना ओबडधोबडच आहेत. एवढे मात्र नक्की, की पाचपेक्षा कमी वारंवारतेच्या भागावरून रेघ सरळ की वाकडी, हा वाद आलेखाकडे बघून सुटणारा नाही.

आकडेबाज

वाद कशाला? एक्सेलमध्ये सगळे बिंदू टाकून ट्रेंडलाइन काढा, R² पाहा. मी माझ्या कार्यालयातल्या अहवालांवर हे केले आहे. तो नेहमी ०.९५ च्या वर येतो. इतका चांगला जुळणारा नियम व्यवहारात दुसरा नाही. शिवाय हे ८०-२० चेच दुसरे रूप आहे.

मोजणीदार

आकडेबाज, मूठभर शब्दांनी बहुतेक मजकूर व्यापणे हे ८०-२० सारखेच आहे, तेवढे तुमचे बरोबर. ट्रेंडलाइनबद्दल मात्र दोन अडचणी आहेत.

पहिली अशी, की क्रमांक आपण स्वतःच उतरत्या क्रमाने लावले आहेत. आलेख खाली जाणारच होता. उतरत्या क्रमाने लावलेल्या जवळपास कुठल्याही आकड्यांना लॉग-लॉग आलेखावर भरघोस R² मिळतो. तो मिळाला नसता, तर नवल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. याच कादंबरीचे सगळे २९,८९९ बिंदू एक्सेलला दिले, तर त्यांतले १६,४३२, म्हणजे ५५ टक्के, शेवटच्या एका पायरीवर आहेत. आडव्या अक्षाची लांबी लॉगमध्ये ० ते ४.४८ आहे आणि ती पायरी ४.१३ पासून सुरू होते, म्हणजे अक्षाचा जेमतेम तेरावा भाग. त्या तेराव्या भागातल्या बिंदूंना निम्म्याहून जास्त मते आहेत. पहिल्या दहा क्रमांकांना मिळून मते दहा. तुमचा उतार भाषा ठरवत नाही, एकदाच आलेल्या शब्दांची आडवी ओळ ठरवते. मजकुराची लांबी बदलून पाहा, म्हणजे ट्रेंडलाइनचा उतारही सरकताना दिसेल. निदान अक्षावर समान अंतराच्या खणांत बिंदूंची सरासरी घेऊन मग रेघ काढा. सर्वांत बरे म्हणजे वारंवारतांच्या वाटपावरून महत्तम संभाव्यतेच्या पद्धतीने घातांक काढावा.

आकडेबाज

माझ्या अहवालांत उतार उणे एकपेक्षा बराच तीव्र आला होता. त्याचे कारण हेच असेल का, हे आता तपासावे लागेल. अर्थात आमच्या अहवालांत ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ हेच दोन शब्द निम्मे काम करतात, हेही कारण असू शकते.

वसुंधरा

शेपटावर सगळे बोलले, पण डोके राहिले. गुणाकार २६,५०० धरला, तर पहिल्या क्रमांकाचा शब्द, इंग्रजीत अर्थातच ‘द’, तितक्या वेळा यायला हवा. या कादंबरीत तो सुमारे १५,००० वेळाच येतो. रेघ डाव्या टोकाला चक्क खाली दबलेली आहे, आणि इथे पायऱ्यांचे निमित्त चालणार नाही, कारण हजारोंच्या आकड्यात पूर्णांकाने काय फरक पडतो?

मांदेलब्रॉ यांनी १९५० च्या दशकात यावर तोड सुचवली, ती अशी की भागताना क्रमांकाऐवजी क्रमांक अधिक एक स्थिरांक घ्यावा.

```
f(r) = C / (r + b)^a
```

`b` एक किंवा दोन असला, तर पहिल्या क्रमांकावर मोठा परिणाम होतो, दहाव्यावर थोडा, आणि हजाराव्यावर तो जाणवतही नाही. त्यामुळे डोके दबते आणि बाकीची रेघ तशीच राहते. मला हे सूत्र जुळणी म्हणून मान्य आहे, स्पष्टीकरण म्हणून नाही. वाक्यरचनेत निर्धारक, शब्दयोगी अव्यये आणि सर्वनामे यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांपैकी प्रत्येकाने किती जागा घ्यायच्या, हे त्या त्या भाषेचे व्याकरण ठरवते. ज्या भाषेत ‘द’सारखे निर्धारक नाहीच, तिचे डोके वेगळे दिसणार.

देवनागरीकर

वसुंधराताईंच्या शेवटच्या वाक्यावरून माझा अनुभव सांगतो. मी एका मोठ्या मराठी मजकुरावर हा आलेख काढला. रेघ छान आली, म्हणून समाधानाने सर्वाधिक येणाऱ्या शब्दांची यादी उघडली, तर तिच्यात सगळी एकेक अक्षरे होती, ‘त’, ‘क’, ‘र’. कारण हे:

```python
import re
re.findall(r"\w+", "मराठी भाषा")
# ['मर', 'ठ', 'भ', 'ष']
```

पायथनचे `\w` काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. देवनागरी चिन्हे ओळखून शब्द तोडायचे असतील, तर हे चालते:

```python
re.findall(r"[\u0900-\u0963\u0970-\u097F\u200C\u200D]+", s)
```

यात दंड आणि अंक वगळले आहेत. ‘ऱ्या’सारखी अक्षरे दोन प्रकारे टंकली जातात, ती मोजण्याआधी एकसारखी करून घ्यावीत, नाहीतर एकाच शब्दाचे दोन शब्द होतात आणि शेपूट विनाकारण लांबते.

मला आश्चर्य याचे वाटले, की तुटलेल्या तुकड्यांचा आलेखही बऱ्यापैकी सरळच दिसत होता. यादी उघडली नसती, तर चूक कधीच कळली नसती.

मोजणीदार

यात आश्चर्य नाही. १९५७ मध्ये जॉर्ज मिलर यांनी दाखवले, की टंकलेखन यंत्रावर माकड बसवले आणि ते सव्वीस अक्षरे व एक मोकळी जागा सारख्याच संभाव्यतेने दाबत राहिले, तरी त्याच्या ‘शब्दां’चाही लॉग-लॉग आलेख उतरत्या रेघेच्या भोवतीच राहतो. उतार २७ च्या लॉगला २६ च्या लॉगने भागून मिळतो, म्हणजे सुमारे उणे १.०१. तुमचा `\w` मात्रेला मोकळी जागा समजला, म्हणजे तुम्ही जवळपास तेच माकड बसवले.

मात्र माकडाच्या आलेखात पायऱ्या डोक्याला असतात. एका अक्षराचे सव्वीस शब्द सारख्याच वारंवारतेचे असतात, मग दोन अक्षरांचे ६७६, आणि असेच पुढे. खऱ्या भाषेत पायऱ्या शेपटाला असतात. पट्टी लावून रेघ बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसतात.

खडूस समीक्षक

म्हणजे झिफ यांनी या रेघेवरून माणसाच्या ‘किमान श्रमा’चे जे तत्त्व काढले, ते माकडालाही लागू. माकडाचे श्रम कमी होत असतील, यात शंका नाही.

वसुंधरा

इतके सोपे नाही. माकडाला शब्दसंग्रहच नसतो. त्याच्या लेखी शब्दाची वारंवारता केवळ लांबीवरून ठरते. आपल्याकडे ‘आणि’ व ‘ढाल’ या दोन्ही शब्दांत दोनच अक्षरे आहेत, पण त्यांच्या वारंवारता जुळतील का? रेघ सारखी निघाली, म्हणून तिचे कारणही सारखे ठरत नाही. एवढे मान्य, की केवळ रेघेवरून कारण सिद्ध होत नाही.

देवनागरीकर, एक विचारायचे आहे. तुम्ही ‘घरात’, ‘घराला’, ‘घरासाठी’ हे वेगळे शब्द धरले की एक?

देवनागरीकर

वेगळे धरले. हॅन्ली यांच्या सूचीतही शब्दाची रूपे वेगळीच मोजली आहेत, म्हणून तुलनेसाठी तसेच ठेवले. पण मराठीत एका नामाची विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये लागून इतकी रूपे होतात, की एकदाच येणारी रूपे भरमसाठ वाढतात आणि रेघ इंग्रजीपेक्षा अधिक आडवी पडते. प्रत्यय सोडवून मोजले, तर उलट ‘त’, ‘ला’, ‘ने’ हे डोक्यावर जाऊन बसतात. यांतला मराठीचा उतार कोणता, हे मला ठरवता आलेले नाही.

एडिसनची आजी

माझ्या प्रश्नाकडे कुणी लक्ष दिले नाही.

मोजणीदार

आजी, क्षमस्व. वरच्याच आकड्यांतून उत्तर देतो. त्या कादंबरीत एकदा किंवा दोनदाच आलेले शब्द २१,२०८ आहेत, म्हणजे शब्दसंग्रहाचे ७१ टक्के. पण ते सगळे मिळून मजकूर व्यापतात २५,९८४ शब्दांचा, म्हणजे दहा टक्के. म्हणून वारंवार येणारे शब्द शिकवल्यावर पानाचा मोठा भाग ओळखीचा होईल, हे खरे. पण दर दहा शब्दांतला एक त्या प्रचंड गठ्ठ्यातून येईल, आणि वाक्यातली खरी बातमी बहुधा त्याच शब्दात असते. पाचशे शब्दांनी गोष्टीचे पुस्तक वाचून होणार नाही.

जुना लघुलेखक

आजी, मराठी शब्दचिन्हांची माझी सरावाची वही अजून जवळ आहे. त्यातले पहिले दोनशे शब्द टंकून इथे देतो. नातवंडांना चिन्हे शिकायची असतील, तर तीही देईन.

रेघोट्या

चर्चा फार उपयोगी झाली. एक शंका उरते. क्रमांकही त्याच मजकुरातून आणि वारंवारताही त्याच मजकुरातून काढल्यावर दोन्हींतल्या चुका एकमेकींना धरून चालतात. एखादा शब्द योगायोगाने जास्त वेळा आला, तर त्याचा क्रमांकही आपोआप वर सरकतो आणि बिंदू रेघेजवळच राहतो. यावर उपाय काय?

मोजणीदार

स्टीव्हन पियांतादोसी यांनी २०१४ मधल्या लेखात यावर मजकूर दोन भागांत वाटण्याचा उपाय वापरला आहे. एका भागावरून क्रमांक काढायचे आणि दुसऱ्यावरून वारंवारता. मग बिंदू मोकळेपणाने विखुरतात आणि रेघेपासूनची खरी वळणे दिसू लागतात.

कादंबरीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग मात्र करू नका. ‘युलिसिस’च्या प्रकरणांची शैली इतकी बदलते, की तो भाषेचा फरक न राहता प्रकरणांचा होईल. प्रत्येक शब्दासाठी नाणेफेक करून त्याला या किंवा त्या भागात टाका.

खडूस समीक्षक

आणि जो शब्द एका भागात आला, पण दुसऱ्यात शून्य वेळा आला, त्याचा लॉग काय घ्यायचा?

मोजणीदार

तोच घोळ आहे. त्याला आलेखावर जागा नाही, आणि त्याला वगळले तर शेपूट पुन्हा वर उचलल्यासारखे दिसते. मी जवळच्या क्रमांकांचे गट करून गटाची सरासरी घेतो, म्हणजे शून्येही हिशेबात राहतात. पण गट किती मोठे घ्यायचे, यावर शेपटाचा आकार थोडा बदलतो. रेघोट्या सर, तुमच्या विद्यार्थ्यांकडून दोन-तीन वेगवेगळ्या आकारांच्या गटांनी करून घ्या आणि आलेख इथे टाका.